सेव्ह कुठे, शेअर कुठे? बुटीकच्या इन्स्टाग्रामचे आकडे वाचताना

बुटीकच्या इन्स्टाग्रामवर ब्लाउजचा फोटो टाकला की नजर आधी लाइककडे जाते. पण लाइक जाता जाता दिला जातो. पोस्ट सेव्ह करणारी ग्राहक ती लग्नाच्या खरेदीच्या वेळी पुन्हा उघडायची असते म्हणून ठेवते; शेअर करणारी बहिणीला पाठवून विचारते, "हा शिवून घेऊ का?" कोणत्या प्रकारची पोस्ट कामाची, हे या दोन आकड्यांवरून जास्त कळते.

त्यासाठी अकाउंट प्रोफेशनल करावे लागते. ते मोफत आहे. मात्र आकडे मिळतात ते बदल केल्यानंतरच्या पोस्टचेच. मग पोस्टखालच्या View insights वर बोट ठेवले की सेव्ह, शेअर आणि रीच, म्हणजे पोस्ट किती अकाउंटपर्यंत पोहोचली, हे दिसते.

इथे नुसती बेरीज फसवते. समजा, पैठणीवरच्या ब्लाउजची एक रील 8,000 जणांपर्यंत गेली. तिला 40 सेव्ह आणि 160 शेअर मिळाले. त्याच ब्लाउजच्या पाठीच्या सहा गळ्यांचे फोटो एकाच पोस्टमध्ये, म्हणजे कॅरोसेल करून टाकले. ते 1,200 जणांनी पाहिले, सेव्ह 60 आणि शेअर 6. आता प्रत्येक आकड्याला रीचने भागून शंभराने गुणा. रीलचे सेव्ह शंभरात अर्धा, शेअर दोन. कॅरोसेलचे सेव्ह शंभरात पाच, शेअर अर्धा. म्हणजे रील नव्या लोकांपर्यंत नाव पोहोचवते आहे आणि गळ्यांचे नमुने निवडीसाठी जपून ठेवले जात आहेत. या दुकानाला दोन्ही हवेत, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

एका जोडीवरून निकाल मात्र लावू नये. ब्लाउजच देखणा असेल तर श्रेय फोटोच्या मांडणीला द्यायचे की कापडाला, हे कळत नाही. म्हणून एकच विषय दोन्ही प्रकारांत, असे चार-पाच वेळा करून पाहावे. आकडे वाढत राहतात, त्यामुळे कालची पोस्ट आणि महिन्यापूर्वीची पोस्ट शेजारी ठेवू नये. प्रत्येक पोस्टचे आकडे सातव्या दिवशी वहीत उतरवावेत. पैसे देऊन बूस्ट केलेल्या पोस्ट वेगळ्या लिहाव्यात, कारण त्यांचा रीच विकत घेतलेला असतो. दिवाळीच्या तोंडावरची पोस्ट आणि पितृपक्षातली पोस्ट यांचीही तुलना करू नये.

शिवाय सेव्ह कोणी केले, हे इन्स्टाग्राम सांगत नाही. त्यात दुसऱ्या गावचे शिंपीही असतील. म्हणून माप घेताना प्रत्येकीला "कोणता फोटो पाहून आलात?" एवढे विचारून त्याच वहीत नोंदवावे. ज्या पोस्टला सेव्ह भरपूर पण विचारणा शून्य, तिच्यात किंमत, शिलाईला लागणारे दिवस किंवा दुकानाचा पत्ता राहून गेला आहे का, हे आधी तपासावे.