बोट फिरलं, आवाज वाढला

शेजारच्या सीटवर बसलेला माणूस रस्ता सांगतो तो तोंडाने कमी आणि हाताने जास्त. ‘अरे, चुकलास, पुढून यू-टर्न घे’ म्हणताना त्याची तर्जनी हवेत आपोआप गोल फिरते. गाडीत हातवाऱ्यांनी चालणारी यंत्रणा असेल, तर नेमक्या त्याच क्षणी गाण्याचा आवाज एकदम वाढू शकतो. गाडीत बिघाड झालेला नसतो. तर्जनी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरली की आवाज वाढवायचा, एवढंच तिला शिकवलेलं असतं आणि तेवढंच तिने केलेलं असतं.

ही सोय ठळकपणे पुढे आली ती २०१५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये. नंतर ती कंपनीच्या इतर गाड्यांत गेली आणि भारतात विकल्या गेलेल्या काही गाड्यांतही आली. आता त्यातल्या बऱ्याच जुन्या बाजारात दिसतात. खुणा मोजक्याच आहेत. तर्जनी गोल फिरवली की आवाज कमी-जास्त होतो. फोन वाजत असताना स्क्रीनकडे बोट पुढे नेलं की कॉल घेतला जातो. पंजा शेजारच्या सीटच्या दिशेने आडवा फिरवला की कॉल कटतो. दोन बोटं पुढे केली की आपण आधी ठरवून ठेवलेलं एखादं काम होतं, उदाहरणार्थ घरचा रस्ता दाखवणं. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे असल्याने चालकाला या सगळ्या खुणा डाव्या हाताने कराव्या लागतात.

हात दिसतो कसा, याचं उत्तर छतात आहे. आरशाजवळ, दिव्यांच्या पट्टीत एक छोटा कॅमेरा बसवलेला असतो आणि तो खाली, स्क्रीन आणि गिअरच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाहत असतो. पण तो फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यासारखा नाही. रंगांशी त्याला देणंघेणं नसतं, तो अंतर मोजतो. त्याच्या शेजारून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश खाली सोडला जातो. तो हातावर आपटून परत येतो आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून हात किती दूर आहे ते कळतं. घाटात समोरच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली की प्रतिध्वनीला लागलेल्या वेळेवरून कड्याचं अंतर काढता येतं, तसाच हा हिशोब.

फरक वेगाचा आहे. हात कॅमेऱ्यापासून ४५ सेंटीमीटरवर असेल, तर प्रकाशाला जाऊन येऊन ९० सेंटीमीटर कापायचे असतात. त्याला सुमारे ३ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागाच्या तिप्पट. इतका वेळ थेट मोजणं अवघड, म्हणून एक युक्ती वापरतात. प्रकाश सेकंदाला कोट्यवधी वेळा लुकलुकवला जातो. परत आलेली लुकलुक मूळ लुकलुकीच्या किती मागे पडली, हे कॅमेऱ्यातला प्रत्येक बिंदू तपासतो. बोटावरून आलेला प्रकाश कमी मागे पडतो, खालच्या गिअरच्या दांड्यावरून आलेला जास्त. अशा हजारो बिंदूंची अंतरं एकत्र मांडली की हाताचा उंचसखल नकाशा तयार होतो. प्रकाश स्वतःचाच असल्याने मध्यरात्रीही हे काम तितकंच नीट चालतं.

पुढचं काम संगणकाचं. तो आधी न हलणाऱ्या वस्तू वगळतो, मग हाताचा आकार ओळखतो, बोटाचं टोक शोधतो आणि ते टोक एका नकाशातून पुढच्या नकाशात कुठे सरकलं ते पाहत राहतो. टोकाचा मार्ग वर्तुळासारखा वाटला की खूण पक्की. बीएमडब्ल्यूच्या यंत्रणेत साधारण एक पूर्ण फेरा झाल्याशिवाय आवाज बदलायला लागत नाही. उगाच हललेल्या बोटाला ती भुलू नये, म्हणून ही अट आहे. शिवाय फोन वाजतच नसेल, तर स्क्रीनकडे बोट दाखवून कॉल घेतला जात नाही. संदर्भ तपासण्याची ही व्यवस्था चांगली आहे, पण तिला मर्यादा आहेत.

नकाशाचंच उदाहरण घ्या. शेजारचा माणूस स्क्रीनवरच्या नकाशाकडे बोट करून ‘हा फाटा बघ’ म्हणतो आणि त्याच क्षणी फोन वाजतो. आता हाताचा आकार बरोबर आहे, दिशा बरोबर आहे आणि संदर्भही बरोबर आहे. कॉल घेतला जातो आणि पलीकडच्याचं बोलणं सगळ्या गाडीला ऐकू जातं. बोट कुठे आहे हे कॅमेऱ्याने अचूक ओळखलं. ते कशासाठी पुढे आलं, हे ओळखायला त्याच्याजवळ काहीच नाही. शिवाय हा हात कॅमेऱ्याच्या टप्प्यात असला की पुरे, तो चालकाचा नसला तरी खूण चालते. माझ्या मते या यंत्रणेची खरी अडचण हीच आहे, आणि कॅमेरा आणखी चांगला बसवून ती सुटणारी नाही.

म्हणून मी ती कधी बंद करायला सांगेन? बोलताना हात हलवणारा माणूस शेजारी असेल तेव्हा. गाडी अशा कुणाच्या हाती देणार असाल, ज्याला या खुणा माहीतच नाहीत, तेव्हाही. आपोआप वाढलेल्या आवाजाने तो दचकेल आणि बटण शोधायला स्क्रीनकडे पाहील. ताशी ८० किलोमीटर वेगाने दोन सेकंद नजर रस्त्यावरून हटली, तर गाडी तेवढ्यात ४४ मीटर पुढे गेलेली असते. घाटातही ती बंद ठेवलेली बरी, कारण तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत आणि आवाजाचं बटण स्टिअरिंगवर असतंच. ते बोटाला जाणवतं. हवेत फिरवलेल्या बोटाला मात्र काहीच जाणवत नाही, आवाज खरंच वाढला की नाही हे कानाने किंवा डोळ्याने तपासावं लागतं.

आरशाला लटकवलेल्या वस्तूंकडेही लक्ष द्या. माळ, लिंबू-मिरची किंवा शोभेचा गोंडा वळणावर झुलतो आणि कॅमेऱ्याच्या वाटेत येऊ शकतो. खूण ओळखली जात नसेल, तर आधी ते काढा आणि कॅमेऱ्याची काच मऊ कोरड्या फडक्याने पुसा. काचेच्या छतातून थेट ऊन येत असेल, तरी अडचण होऊ शकते, कारण उन्हातही अवरक्त प्रकाश भरपूर असतो आणि त्यात गाडीचा स्वतःचा मंद प्रकाश वेगळा काढणं कॅमेऱ्याला जड जातं.

बंद करण्याची जागा गाडीच्या वर्षाप्रमाणे बदलते, पण सेटिंग्जमध्ये `Gesture control` असं नाव शोधावं. हे गाडी उभी असतानाच करा. गाडीत दोन-तीन जणांची वेगवेगळी प्रोफाइल असतील, तर प्रत्येकात तपासा, एकाने बंद केलेलं दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये चालू असू शकतं. जुनी गाडी घेतली असेल, तर दोन बोटांची खूण आधीच्या मालकाने कशासाठी ठेवली होती, तेही बघून घ्या.

आवाज कारण नसताना वर-खाली होत असेल, तर दोष खुणांचा की बटणाचा, हे घरीच कळू शकतं. खुणांची सोय बंद करा आणि आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा. आवाज तरीही उड्या मारत असेल, तर कॅमेऱ्याचा त्यात हात नाही. स्टिअरिंगवरचं बटण किंवा आवाजाची गोल खुंटी अडकत असावी, आणि वर्कशॉपमध्ये आधी तेच तपासायला सांगा. उड्या थांबल्या, तर सोय बंदच राहू द्या.