मालाप्रमाणे पुरवठा साखळी: लीन, अ‍ॅजाइल आणि लीजाइल

कोणत्या मालाला कोणती पुरवठा साखळी शोभते, या परीक्षेत हमखास येणाऱ्या प्रश्नाचे उत्तर मालाच्या मागणीपासून सुरू करावे लागते. मार्शल फिशर यांनी १९९७ मध्ये मालाचे दोन गट केले. मीठ, साबण, डबाबंद सूप यांची मागणी स्थिर असते. अंदाज साधारण दहा टक्क्यांनी चुकतो आणि नफा बेताचा असतो. फॅशनचे कपडे किंवा नवी इलेक्ट्रॉनिक उपकरणे यांचा अंदाज चाळीस ते शंभर टक्क्यांपर्यंत चुकू शकतो, आयुष्य काही महिन्यांचे असते, पण नफा भरपूर.

पहिल्या गटाला लीन साखळी योग्य. तिथे गिऱ्हाईक किंमत पाहते, म्हणून साठा कमी ठेवून, यंत्रे सलग चालवून, भरलेल्या गाड्या पाठवून खर्च छाटला जातो. दुसऱ्या गटाला अ‍ॅजाइल साखळी लागते. तिथे खरा तोटा माल वेळेवर न मिळाल्याने आणि हंगाम संपल्यावर उरलेला माल पडेल भावाने काढल्याने होतो. म्हणून काही यंत्रक्षमता मुद्दाम मोकळी ठेवली जाते. लीनच्या हिशेबात ती उधळपट्टीच ठरते. जोडी चुकल्याची खूण दुकानात दिसते: एक रंग संपलेला आणि शेजारी दुसऱ्या रंगाचा सेल.

लीजाइल साखळीत हे दोन्ही एकामागोमाग येतात. हे एचपीच्या डेस्कजेट प्रिंटरच्या उदाहरणावरून चांगले कळते. अमेरिकेतून युरोपला समुद्रमार्गे माल पोहोचायला सुमारे महिना लागे. प्रत्येक देशासाठी विजेचा पुरवठा-भाग आणि माहितीपुस्तिका वेगळी असल्याने एका देशाचे प्रिंटर पडून राहत आणि दुसऱ्याचे कमी पडत. एकूण मागणीचा अंदाज मात्र बराच जमे. मग सर्वांना चालेल असा प्रिंटर लीन पद्धतीने बनवून पाठवायचा आणि देशानुसार भाग युरोपातल्या गोदामात, मागणी कळल्यावर जोडायचे, असे ठरले. जिथे अंदाज संपून ऑर्डर सुरू होते, तो विलगीकरण बिंदू.

फायदा का होतो, हे कल्पित आकड्यांत पाहू. चार देशांत प्रत्येकी २०० प्रिंटरांचा राखीव साठा धरला तर ८०० होतात. मागणीतले चढउतार परस्परांशी निगडित नसतील आणि साठा एकत्र ठेवला तर २०० गुणिले चारचे वर्गमूळ, म्हणजे ४०० पुरतात. सगळीकडे मागणी एकदमच वाढत असेल तर ही बचत जवळजवळ नाहीशी होते.

शिवाय वेगळेपणा शेवटी जोडता येईल अशी मालाची रचना आधी करावी लागते. एचपीला पुरवठा-भाग बाहेरून बसेल असा करावा लागला. जो माल सुरुवातीपासूनच वेगळा घडतो, त्याला लीजाइल उपयोगी नाही.