बुरशी सगळ्यात शेवटी येते

मुरघासाचा खड्डा उघडला की पहिले दोन-तीन दिवस सगळं झकास असतं. पिवळसर-हिरवा रंग, नाकाला सुखावणारा आंबूस वास आणि दावणीला लागल्या लागल्या तोंड घालणाऱ्या गाई. आठ दिवसांनी त्याच खड्ड्याच्या उघड्या तोंडात हात घातला तर आतला चारा कोमट लागतो, कधी कधी चक्क गरम. आणखी चार दिवसांत कडेला पांढरे धागे, मग निळसर-हिरवे गोळे दिसू लागतात. 'बुरशीनं खाल्ला' असं म्हणून माणूस मोकळा होतो. बुरशी निर्दोष नाही, पण ती या प्रकरणात सगळ्यात शेवटी येते. तिच्यासाठी वाट मोकळी करून देणारे वेगळेच असतात आणि त्यांना लागते फक्त हवा.

मुळात मुरघास टिकतो तो आंबटपणावर. हिरव्या मक्याचा सामू, म्हणजे पीएच, साधारण साडेपाच ते सहा असतो. चांगल्या मुरलेल्या मुरघासाचा सामू 3.8 ते 4.2 एवढा खाली येतो. सामूचा आकडा उतरतो तेव्हा आम्लता वाढत असते, आणि ती सरळ हिशेबाने वाढत नाही. सामू सहावरून चारवर आला की आम्लता शंभरपट झालेली असते. एवढ्या आम्लात चारा कुजवणारे बहुतेक जिवाणू तग धरत नाहीत. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी तर वाट न पाहता वैरणीत बाहेरूनच खनिज आम्ल मिसळून सामू चारच्या खाली आणायची पद्धत काढली. शेती आणि पोषणाच्या रसायनशास्त्रातल्या कामाबद्दल त्यांना 1945 चं नोबेल मिळालं, त्यात या पद्धतीचा खास उल्लेख होता. आपल्याकडे हे काम जिवाणूंवर सोपवलेलं आहे. दही लावणारे जिवाणू ज्या जातकुळीचे, तिचेच भाऊबंद मक्याच्या पानांवर आधीपासून असतात. मक्यातली साखर खाऊन ते लॅक्टिक आम्ल तयार करतात.

अट एकच, त्यांना हवा नसलेली जागा द्यायची. कुट्टी झाल्यावरही मक्याच्या पेशी काही काळ जिवंत असतात आणि श्वास घेत राहतात. खड्ड्यातला प्राणवायू त्या वापरतात, त्यात साखर जळते आणि उष्णता निघते. चारा नीट दाबलेला असेल तर अडकलेली थोडी हवा काही तासांत संपते आणि लॅक्टिक आम्लवाले कामाला लागतात. दाब ढिला असेल किंवा भरणी चार-पाच दिवस रेंगाळली, तर जिच्यातून आम्ल व्हायचं ती साखरच जळून जाते. सामू अर्ध्यात अडकतो आणि चारा फार ओला असेल तर ब्युटिरिक आम्ल करणारे जिवाणू शिरजोर होतात. त्या चाऱ्याचा घाणेरडा, सडका वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. म्हणून दाण्यातलं दूध अर्ध्यापर्यंत घट्ट झालं की मका कापायचा, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची कुट्टी करायची आणि मूठ आवळून पाहायची. बोटांतून पाणी गळलं तर चारा ओला आहे. मूठ सोडताच भुगा झाला तर कोरडा आहे. गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. त्या वेळी चाऱ्यात कोरडा भाग 30 ते 35 टक्के असतो.

इथवरची गोष्ट बहुतेक पशुपालकांना पाठ असते. खरी गंमत पुढे आहे.

खड्डा बंद असताना यीस्ट, म्हणजे किण्व, आत असतातच. आम्लाने ते मरत नाहीत. हवा नसल्याने नुसते दबून असतात. प्लास्टिक उघडलं, उंदराने कुरतडलं किंवा कडेला पोकळी राहिली, की त्यांना प्राणवायू मिळतो. त्यातल्या काही जाती थेट लॅक्टिक आम्लच खाऊ लागतात. ज्या आम्लाच्या पहाऱ्यावर सगळा चारा टिकून होता, त्यालाच हे फस्त करतात. आम्ल कमी झालं की सामू चारवरून साडेचार, पाच, मग त्याच्याही वर चढतो. त्याबरोबर उष्णता निघते, म्हणून चारा तापतो. डोळ्यांना अजून काहीही दिसत नसतं. चारा पाचच्या वर गेला की इतके दिवस बाहेर थांबलेले जिवाणू आणि बुरशा आत शिरतात. पांढरे धागे दिसले म्हणजे नुकसान सुरू झालं असं नव्हे, बरंचसं होऊन गेलं.

यातली एक गोष्ट ऐकून नवल वाटतं. लॅक्टिक आम्ल अगदी भरपूर आणि साखरही शिल्लक असलेला, परीक्षेत पहिला यावा असा मुरघास उघडल्यावर लवकर बिघडू शकतो, कारण यीस्टला त्यात खायला मुबलक असतं. थोडं ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरचा अंश असलेला चारा हवेत जास्त दिवस टिकतो, कारण ॲसिटिक आम्ल यीस्टला आवरतं. 'लॅक्टोबॅसिलस बुक्नेरी' नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्लाचं काही प्रमाणात ॲसिटिक आम्लात रूपांतर करतात. बाजारातल्या काही कल्चरमध्ये ते असतात. मात्र ते सावकाश काम करतात, त्यांना दीड-दोन महिने लागतात. वीस दिवसांत खड्डा फोडणाऱ्याने त्या पुडीवर केलेला खर्च बहुधा वाया जातो. आणि व्हिनेगरचा सौम्य वास आला म्हणून चारा फेकायचंही कारण नाही.

आता हवेचा हिशेब करू. समजा, एखाद्याच्या गोठ्यात पाच गाई आहेत आणि प्रत्येकीला रोज 20 किलो मुरघास घालायचा आहे. म्हणजे दिवसाला एक क्विंटल. खड्डा पाच फूट रुंद आणि पाच फूट खोल आहे. चारा चांगला दाबला तर एका घनमीटरमध्ये साधारण 600 किलो बसतो. या मापाने खड्ड्याच्या उभ्या तोंडावरचा एक सेंटिमीटर जाडीचा थर साडेतेरा-चौदा किलोंचा होतो. क्विंटलभर काढायला रोज जेमतेम सात-साडेसात सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच चारा निघतो. हवा मात्र तोंडावर थांबत नाही. चाऱ्यातल्या पोकळ्यांतून ती मीटरभर आतपर्यंत जाऊ शकते. म्हणजे आज मीटरभर आत असलेला चारा गव्हाणीत पोचेपर्यंत तेरा-चौदा दिवस हवेच्या संगतीत काढणार. उन्हाळ्यात सोलापूर किंवा मराठवाड्याकडे यीस्टला त्याच्या निम्मा वेळही पुरतो.

रोज निदान अर्धा फूट चारा काढला गेला पाहिजे. पाच गाईंना तोंड तेवढंच ठेवायचं तर खड्डा तीन फूट रुंद आणि चार फूट उंच हवा. पण तीन फुटी खड्ड्यात ट्रॅक्टर जात नाही, म्हणजे दाब कमी पडतो आणि हवा वेगळ्या मार्गाने आत राहते. छोट्या पशुपालकाची खरी कोंडी ही आहे. खड्डे मोठ्या गोठ्यांसाठी आणि लहानांसाठी बॅग, हे मला पटतं ते याच कारणाने. जागेची किंवा मजुरीची सोय ही त्यानंतरची गोष्ट. एक टनाची बॅग या पाच गाईंना दहा दिवस पुरते आणि वरून रोज सहज अर्धा फूट उतरते. बॅगेत पायाने तुडवून दाबतात, त्यामुळे घट्टपणा ट्रॅक्टरपेक्षा कमीच असतो. म्हणून थर अर्ध्या फुटाहून जाड टाकायचा नाही आणि कडेने, शिवणीपाशी, जास्त तुडवायचं. उंदीर आणि कावळ्यांची राखण करावी लागते. टाचणीएवढ्या भोकातून रोज थोडी हवा आत जात राहणं हे भरणीच्या दिवशी अडकलेल्या हवेपेक्षा वाईट, कारण ती कधी संपतच नाही.

चारा तापतोय का, हे पाहायला साधा तापमापक पुरतो. तोंडापासून वीतभर आत खुपसून ठेवा आणि तीच नोंद तीन-चार हात आतल्या चाऱ्याशी ताडून पाहा. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा बराच तापलेला असेल तर यीस्ट कामाला लागले आहेत. सामूची पट्टीही स्वस्त मिळते. बंद भागात चार आणि तोंडाशी पाच असा फरक दिसला तर बुरशी दिसायची वाट पाहू नका. काढणी वाढवा आणि तोंड सपाट कापत चला. कुदळीने खणून खळगे पाडले तर हवेला आणखी वाट मिळते. काढून गोठ्यात ढीग लावलेला चाराही त्याच दिवशी संपवायचा.

बुरशीच्याही जाती आहेत. निळसर-हिरवे गोळे बहुधा पेनिसिलियम रॉकफोर्टीचे असतात, म्हणजे त्या प्रसिद्ध फ्रेंच रॉकफोर्ट चीजमधल्याच बुरशीचे. अगदी थोडी हवा आणि बरंचसं आम्ल तिला चालतं, म्हणून ती आतही सापडते. लालसर-जांभळी असते ती मोनास्कस. ॲस्परजिलस घराण्यातल्या बुरशीबद्दल मात्र जास्त सावध राहावं लागतं, कारण त्यातल्या काही जाती ॲफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते गाईच्या पोटात गेलं की त्याचा थोडासा अंश एम-1 या रूपात दुधात उतरतो. उकळल्याने तो जात नाही. भारतात दुधात त्याची मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम आहे, आणि 2018 च्या देशव्यापी दूध पाहणीत साडेपाच टक्क्यांहून थोडे अधिक नमुने ती ओलांडणारे निघाले. याचा सगळा दोष मुरघासावर टाकणं बरोबर नाही. ओलसर ठेवलेल्या पेंडी आणि धान्य यांचा वाटा त्यात मोठा असतो. पण गव्हाणीत दोन्ही एकत्र पडतात, हेही खरं.

बुरशीचा भाग दिसला की तेवढाच गोळा उचलून टाकायचा आणि बाकीचा चारा घालायचा, अशी सर्रास पद्धत आहे. विष डोळ्यांना दिसत नाही आणि ते धाग्यांच्या पलीकडेही असू शकतं, म्हणून गोळ्याच्या भोवतालचा वीतभर चाराही काढावा लागतो. गाभण गाईला आणि वासराला तर तो चारा अजिबात देऊ नये. काढताना नाकातोंडाला फडकं बांधा, कारण ॲस्परजिलसचे बीजाणू माणसाच्या छातीत जाऊन आजार होतात. आणि काढलेला चारा खड्ड्याशेजारी न टाकता लांब उकिरड्यात पुरा, नाहीतर वाऱ्यावर बीजाणू उडून पुन्हा उघड्या तोंडावर येऊन बसतात.