पाकिटात पैसे आहेत, पण पाठवता येत नाहीत: बिटकॉइनच्या चिल्लरची गोष्ट

मागच्या भागानंतर आपल्या एका श्रोत्या काकांनी एक प्रश्न पाठवला. आज तोच सविस्तर घेऊ या, कारण हा प्रश्न थोडे थोडे बिटकॉइन साठवणाऱ्या कुणालाही कधी ना कधी पडतोच.

काकांनी जवळपास तीन वर्षं दर आठवड्याला 5,000 सॅट स्वतःच्या वॉलेटमध्ये जमा केले. सॅट म्हणजे बिटकॉइनची सगळ्यात लहान नाणी, दहा कोटी सॅट मिळून एक बिटकॉइन होतो. अशा 150 आठवड्यांचे झाले 7,50,000 सॅट. मुलीने घर घेतलं, म्हणून त्यातले 7,00,000 तिला पाठवायचं त्यांच्या मनात होतं. आकडा टाकला, तर वॉलेट म्हणालं Insufficient funds, म्हणजे शिल्लक पुरेशी नाही. काकांचं म्हणणं, ‘‘अहो, शिल्लक तर समोर दिसतेय! चोरी झाली की काय?’’

चोरी झालेली नव्हती. बँकेच्या खात्यात आपण शंभर वेळा थोडे थोडे भरले तरी शेवटी एकच आकडा उरतो. बिटकॉइनमध्ये तसं होत नाही. आलेली प्रत्येक रक्कम वेगळीच राहते, जशी गल्ल्यात टाकलेली नाणी. काकांच्या वॉलेटवर दिसणारा 7,50,000 हा आकडा ही वॉलेटने आपल्या सोयीसाठी केलेली बेरीज. आत प्रत्यक्षात 5,000 ची 150 नाणी सुटी पडलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, नाणी सुटी असली म्हणून काय बिघडलं? बिघडतं ते फीमध्ये. बिटकॉइनची फी तुम्ही किती रक्कम पाठवता यावर ठरत नाही. तुमचा व्यवहार किती जागा घेतो यावर ती ठरते. साधारण दर दहा मिनिटांनी एक नवा ब्लॉक तयार होतो आणि त्यात जागा मोजकीच असते, त्यामुळे भाडं जागेचं. आणि प्रत्येक नाणं खर्च करताना ते कुठल्या जुन्या व्यवहारातून आलं हे लिहावं लागतं, शिवाय ते तुमचंच आहे हे दाखवणारी सही जोडावी लागते. bc1q ने सुरू होणाऱ्या आजच्या साध्या पत्त्यावरचं एक नाणं खर्च करायला साधारण 68 बाइट लागतात. नाणं 5,000 सॅटचं असो की अख्ख्या बिटकॉइनचं, बाइट तेवढेच. पत्ता 1 ने सुरू होणारा जुन्या पद्धतीचा असेल, तर दुपटीहून जास्त, जवळपास 148.

काकांनी प्रयत्न केला त्या दिवशी दर होता बाइटमागे 20 सॅट. म्हणजे एक नाणं उचलायलाच 68 गुणिले 20, म्हणजे 1,360 सॅट. 5,000 च्या नाण्यातले हातात उरणार 3,640. अशी सगळी 150 नाणी लावली, तरी फी होते सुमारे 2,05,000 सॅट आणि पाठवायला उरतात 5,45,000. मग 7,00,000 जाणार कुठून? वॉलेट खरंच बोलत होतं, फक्त कारण सांगत नव्हतं. (हे संदेश लिहिणाऱ्यांनी ‘शिल्लक आहे, पण फीला पुरत नाही’ एवढं लिहिलं असतं, तर काकांची रात्रीची झोप वाचली असती.)

दर 100 वर गेला, तर एक नाणं उचलायला 6,800 सॅट लागतात. म्हणजे 5,000 चं नाणं खर्च करण्यापेक्षा तसंच ठेवलेलं बरं! आणि असे दिवस येतात. एप्रिल 2024 मध्ये हाविंग झालं, त्या दिवशी दर शेकड्यांमध्ये गेला होता.

यावर उपाय म्हणजे गर्दी नसताना आपलीच चिल्लर आपल्यालाच पाठवायची आणि तिची मोठी नाणी करून ठेवायची. वॉलेटांच्या भाषेत याला कन्सॉलिडेशन म्हणतात, आपण मोड गोळा करणं म्हणू. जागा तेव्हाही तेवढीच लागते, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. या उपायाने बाइट वाचत नाहीत. ते बाइट तुम्ही स्वस्त दिवशी विकत घेता, एवढंच. म्हणून दर चढलेला असताना मोड गोळा करण्यात काही अर्थ नाही.

काकांना आम्ही थांबायला सांगितलं. mempool.space या पानावर त्या वेळचा दर दिसतो. बऱ्याचदा शनिवार-रविवारी तो उतरतो, तसा तो उतरला आणि 2 वर आला. काका संगणकावर Sparrow वापरतात. त्यात UTXOs नावाच्या पानावर एकेक नाणं वेगळं दिसतं. तिथे हवी ती नाणी निवडायची, Send Selected दाबायचं, Receive मधला स्वतःचाच नवा पत्ता टाकायचा, रकमेला Max करायचं आणि दर हाताने 2 लिहायचा. पत्त्याची पहिली आणि शेवटची अक्षरं दोनदा ताडून पाहायची.

त्यांची सही करणारं हार्डवेअर वॉलेट लहानसं आहे. एकदम 150 सह्या म्हणजे त्याला फार वेळ लागतो, कधी ते मध्येच अडकतं. म्हणून 50-50 नाण्यांचे तीन गठ्ठे केले. प्रत्येक गठ्ठ्याला साधारण 3,440 बाइट, म्हणजे 6,900 च्या आसपास सॅट फी. दर कमी लावल्यामुळे पहिला गठ्ठा पक्का व्हायला रात्र गेली. काका सकाळी परत काळजीत! पण असा व्यवहार रांगेत थांबलेला असतो, हरवलेला नसतो. घाई असेल, तर बहुतेक वॉलेटांत त्याच व्यवहाराची फी वाढवून तो पुढे सरकवता येतो.

तिन्ही गठ्ठे पक्के झाल्यावर 150 नाण्यांच्या जागी उरली तीन, प्रत्येकी सुमारे 2,43,000 सॅटची. खर्च एकूण 20,700 च्या आत.

दोन गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. वेगवेगळ्या पत्त्यांवरची नाणी एकत्र आणली की ती सगळी एकाच माणसाची आहेत, हे साखळीवर कायमचं दिसतं. तेव्हा कुणाला काय कळावं याचा विचार करून गठ्ठे बांधा. न मागता कुणी पाठवलेलं चिमुकलं नाणं दिसलं, तर ते त्यात मिसळू नका. आणि दुसरं, ‘तुमची चिल्लर आम्ही एकत्र करून देतो’ म्हणणारे लोक भेटतील. ते बारा किंवा चोवीस शब्द मागतात. ते शब्द म्हणजे तुमची तिजोरीच, ते कुणालाही द्यायचे नाहीत.

तुमचे बिटकॉइन एक्स्चेंजच्या खात्यात असतील, तर यातलं काही करायची गरज नाही, तिथली नाणी त्यांची ते सांभाळतात. आणि तिथून स्वतःच्या वॉलेटमध्ये काढत असाल, तर दर आठवड्याऐवजी दोन-तीन महिन्यांतून एकदा मोठी रक्कम काढा, म्हणजे मुळात चिल्लर जमतच नाही. काकांनी आता तसंच ठरवलंय.

मुलीला पैसे पाठवले त्या दिवशी दर पुन्हा 20 होता. तीन नाणी लागली, फी आली साडेपाच हजार सॅट, आणि 7,00,000 पूर्ण गेले. उरलेले तेवीस हजार आणि काही सॅट एकाच नाण्यात काकांकडे परत आले.