चार आर की चाळीस?

खरेदीखत होऊन दोन महिने झाले. फेरफाराची नोंद घालायला गेल्यावर तलाठी कार्यालयात चूक दिसली. विकणाऱ्याच्या सातबाऱ्यावर पूर्ण गटाचे क्षेत्र ० हेक्टर ४० आर होते, खरेदीखतात मात्र ० हेक्टर ०४ आर टंकले गेले होते. एक शून्य जागचे हलले आणि कागदावर जमीन दहापटीने कमी झाली.

अशा वेळी बहुतेक जण अर्ज घेऊन थेट दुय्यम निबंधकांकडे जातात: ‘साहेब, एवढा आकडा दुरुस्त करा.’ पण नोंदणी झालेल्या दस्ताच्या मजकुरात दुय्यम निबंधकांना बदल करता येत नाही. तो करार खरेदीदार आणि विक्रेता यांचा असतो, त्यामुळे चूकही त्या दोघांनीच दुरुस्त करायची असते. दस्तात क्षेत्र बरोबर असेल आणि फक्त सूची क्रमांक दोनमध्ये चुकीचे उतरले असेल, तर मात्र कार्यालयाकडे साधा अर्ज करता येतो. म्हणून आधी दस्त आणि सूची शेजारी ठेवून पाहावीत.

चूक दस्तातच असेल, तर ‘चूक दुरुस्ती पत्र’ करावे लागते. त्यात मूळ दस्ताचा क्रमांक व तारीख, चुकीचा मजकूर, त्याजागी वाचायचा मजकूर आणि बाकीचा दस्त कायम असल्याचे वाक्य येते. मूळ दस्तावर सह्या करणाऱ्या सर्वांनी त्यावर सह्या करून कार्यालयात कबुली द्यायची असते. विक्रेता वारला असेल, तर त्याच्या वारसांच्या सह्या लागतात.

दुय्यम निबंधकांचा खरा प्रश्न वेगळाच असतो: ही चूक आहे, की दुरुस्तीच्या नावाखाली जादा जमीन विकली जात आहे? उत्तर जुन्याच कागदांत सापडते. आपल्या उदाहरणात चतुःसीमा पूर्ण गटाच्या आहेत आणि मूल्यांकनही ४० आरवर होऊन तेवढे मुद्रांक शुल्क भरले आहे. मग ०४ हा हातून झालेला प्रमाद ठरतो. पण मूल्यांकन चारच आरवर झाले असेल, तर उरलेल्या ३६ आरचे शुल्क मागितले जाऊ शकते. म्हणून अर्जासोबत मूळ खरेदीखत, त्या वेळचा सातबारा आणि मूल्यांकन पत्रक जोडावे.

विक्रेत्याने सही नाकारली, तर दुय्यम निबंधक त्याला भाग पाडू शकत नाहीत. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयात दस्तदुरुस्ती मागावी लागते आणि चूक दोघांची होती किंवा फसवणूक झाली होती, हे सिद्ध करावे लागते.

दुरुस्ती पत्र नोंदले, तरी सातबारा आपोआप बदलेलच असे धरून चालू नये. दोन्ही दस्तांच्या प्रती तलाठ्याकडे द्याव्यात आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून त्यावर ४० आरच आहेत ना, हे पाहावे.