यांपैकी जे अगोदर घडेल

पावसाळा जेमतेम महिन्यावर आला म्हणजे मुंबईतील जुन्या इमारतींच्या गृहनिर्माण संस्थांकडे महानगरपालिकेच्या विभाग कार्यालयातून जे परिपत्रक येते, ते २०२४ च्या मे महिन्यात आमच्याही संस्थेकडे आले. आणि संस्थेच्या कचेरीत टेबलावर पसरलेल्या त्या दोन पानांचे छायाचित्र कोणीतरी मोबाइलवर घेऊन सर्व सभासदांस धाडल्यामुळे, अस्सल कागद कपाटात व त्याची अंधुक नक्कल अठ्ठावीस घरांत, अशी स्थिती झाली. दुसऱ्या मजल्यावरील आजींनी त्या छायाचित्रातील ‘धोकादायक’ हा एकच शब्द वाचला आणि जिन्यात मला थांबवून विचारले, ‘‘म्हणजे घर सोडायचं का हो?’’ त्या प्रश्नाचे उत्तर त्यांस फलकावर वाचावयास मिळावे म्हणून परिपत्रकाचा मजकूर सोप्या मराठीत उतरवून देण्याचे काम मी पत्करले. हे काम वरवर पाहता केवळ शब्दांच्या अदलाबदलीचे वाटते; प्रत्यक्षात त्यात कोठे कोठे पाय घसरतो, हे त्या चार दिवसांत ध्यानात आले.

छायाचित्रापासूनच आरंभ करणे भाग होते. टेबलावरील दिव्याचा झोत कागदाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यावर पडल्यामुळे जावक क्रमांक व दिनांक पांढुरक्या डागात बुडाले होते, आणि डावा समास कापला गेल्याने प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर नाहीसे झाले होते. मध्यभागी कलमाचा क्रमांक होता, तो मी प्रथम ‘३५३व’ असा वाचला. असे कलम अधिनियमात मिळेना, तेव्हा कचेरीत जाऊन मूळ कागद पाहिला. तेथे स्वच्छ ‘३५३ब’ होते, ‘ब’च्या पोटातील तिरकी रेघ तेवढी छायाचित्रात पुसली गेली होती. याहून महत्त्वाचा होता तो खालच्या बाजूचा आवक शिक्का. छायाचित्रात त्यावरील तारीख ९ मे वाटत होती. शिक्क्यावर आणि संस्थेच्या आवक नोंदवहीत ती ६ मे होती. देवनागरी सहा आणि नऊ यांची तोंडे विरुद्ध दिशांना असली तरी शाई पसरली की दोन्ही सारखेच दिसतात. छायाचित्रावरून अंक कधीही अंदाजाने लिहू नये, तो मूळ कागदावरून किंवा नोंदवहीवरूनच घ्यावा, हे माझे ठाम मत या तीन दिवसांच्या फरकाने बनले आहे; कारण परिपत्रकातील मुदत ‘हे पत्र प्राप्त झाल्यापासून ३० दिवसांच्या आत’ अशी होती. पत्रावरचा दिनांक २६ एप्रिल. तेथून मोजणारास मुदत २६ मे रोजी संपते असे वाटले असते, चुकीच्या शिक्क्यावरून मोजणाराने ८ जून धरला असता. खरी तारीख ५ जून. फलकावरील सूचनेत म्हणूनच ‘३० दिवस’ हा शब्दप्रयोग मी ठेवलाच नाही. ‘बुधवार, ५ जून २०२४ पर्यंत’ असे लिहिले, कारण वाचणाराला मोजणी करावयास लावणे म्हणजे अठ्ठावीस घरांत अठ्ठावीस तारखा निर्माण करणे होय.

आता मुख्य मजकुराकडे वळू. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ याच्या या कलमान्वये ज्या इमारतीस तीस वर्षे पूर्ण झाली तिच्या मालकाने किंवा भोगवटादाराने महानगरपालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करवून घेऊन संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावयाचे असते. (मुंबईबाहेरील महानगरपालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या अधिनियमात याच स्वरूपाची तरतूद कलम २६५अ मध्ये आहे.) परंतु ही तीस वर्षे कोठून मोजावयाची, हे सांगणारे वाक्य परिपत्रकात सर्वांत लांब होते व सर्वांत कमी वाचले गेले होते. इमारत पूर्ण झाल्याचा दाखला, किंवा तिचा वापर करण्याची परवानगी, किंवा तिच्या बांधीव क्षेत्रापैकी किमान ५० टक्के क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर सुरू होणे, ‘यांपैकी जे अगोदर घडेल’ त्या दिनांकापासून, असे ते वाक्य आहे.

संस्थेतील एका उत्साही तरुणाने तत्पूर्वीच एक छोटा गोषवारा तयार केला होता, आणि त्यात हे वाक्य ‘भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून ३० वर्षे’ एवढ्यावर आटोपले होते. त्याचा हेतू निर्मळ होता. लांब वाक्य आखूड केले की ते सोपे होते, ही समजूत पुष्कळांची असते. परंतु आमच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र मार्च १९९६ चे आहे, आणि त्या हिशेबाने तीस वर्षे मार्च २०२६ मध्ये भरतात. तेव्हा ‘आपल्याला अजून दोन वर्षे आहेत, हे पत्र चुकून आले’ असा निष्कर्ष काहींनी काढलाही. वस्तुस्थिती निराळी होती. बांधकाम व्यावसायिकाने ताबे आधीच दिले होते. जुन्या देखभाल वर्गणीच्या वहीत १९९३ च्या दिवाळीपर्यंत सोळा घरांची वर्गणी जमा झालेली आढळते. सर्व घरे सारख्याच क्षेत्रफळाची, म्हणजे अठ्ठावीसपैकी सोळा हे निम्म्याहून अधिक. तीस वर्षे २०२३ च्या दिवाळीतच पूर्ण झाली होती, आणि पत्र चुकून आलेले नव्हते. ज्या तीन पर्यायांतील एक गाळल्याने इमारतीचे वय सव्वादोन वर्षांनी घटते, त्यांस फाफटपसारा म्हणून छाटता येत नाही. मी ते वाक्य आखूड न करता फोडले: आधी नियम, मग आमच्या इमारतीच्या तिन्ही तारखा, मग त्यांतील पहिली.

शब्दांच्या बाबतीत मला जे आढळले ते माझ्या अपेक्षेच्या नेमके उलट होते. ‘मुदत’, ‘कसूर’, ‘वसुली’, ‘थकबाकी’, ‘दाखला’ हे यावनी अमदानीपासून दप्तरांत रुळलेले शब्द आजींनाही सहज कळत होते. अडखळत होत्या त्या ‘संरचनात्मक स्थैर्य’ या राज्यस्थापनेनंतर घडविल्या गेलेल्या प्रकारच्या पारिभाषिक जोडशब्दापाशी. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ मध्ये राजभाषा अधिनियम झाला, आणि इंग्रजी दप्तर मराठीत आणण्यासाठी शेकडो संज्ञा घडवाव्या लागल्या. त्या कार्याविषयी मला आदरच आहे. परंतु फलकावर ती संज्ञा एकटी सोडू नये, आणि काढूनही टाकू नये. काढली तर उद्या विभाग कार्यालयात जाणारा सभासद कोणता कागद मागणार? म्हणून मी लिहिले: ‘संरचनात्मक स्थैर्य प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीचे खांब, तुळया व स्लॅब भार पेलण्यास समर्थ आहेत असा अभियंत्याचा दाखला. यासाठी होणाऱ्या तपासणीलाच आपण स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतो.’

‘भोगवटादार’ या शब्दाने भाडेकरूंत वेगळाच घोळ माजविला होता. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष राहतो वा वापरतो तो, हा अर्थ खरा. पण म्हणून प्रत्येक राहणाऱ्याने स्वतंत्र अभियंता शोधावयाचा, असा त्याचा अर्थ नव्हे. तपासणी साऱ्या इमारतीची आहे आणि ती संस्था करविणार. राहणाऱ्याचे काम एकच: अभियंता आला असता दार उघडणे. गळणारे न्हाणीघर, छताचा सुटलेला गिलावा, बाहेर डोकावणारी गंजलेली सळई या गोष्टी घरातच दिसतात, जिन्यातून दिसत नाहीत. आणि हातोडीने ठोकून पाहणे, उपकरण टेकवून काँक्रीटची घट्टता मोजणे, क्वचित एखाद्या खांबातून लहानसा नळकांडीएवढा नमुना काढणे हे प्रकार आधी सांगितले नाहीत तर लोक घाबरतात.

राहिला आजींचा प्रश्न. परिपत्रकाच्या शेवटी इमारतींचे वर्ग दिले होते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडावयाची, सी-२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती वा अंशतः पाडकाम करावयाची, सी-२ब म्हणजे राहते असतानाच सांगाड्याची दुरुस्ती करावयाची, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. हे वर्ग तपासणीनंतर ठरतात, आधी नव्हे. आणि कोणत्याही वर्गाचे नाव आमच्या इमारतीपुढे लिहिलेले नव्हते. येथे अनुवादकास मोह होतो तो धीर देण्याचा. ‘घाबरण्याचे कारण नाही’ हे वाक्य मी एकदा लिहिले व खोडले, कारण ते परिपत्रकात नव्हते आणि तसे सांगण्याचा अधिकार अभियंत्याचा होता, माझा नव्हता. दंडाची बाबही मी तशीच ठेवली: कसूर झाल्यास २५,००० रुपये किंवा इमारतीचा एका वर्षाचा मालमत्ता कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती.

फलकावर लागलेली सूचना अखेर अशी होती:

‘महानगरपालिकेचे २६ एप्रिल २०२४ चे पत्र संस्थेस ६ मे रोजी मिळाले. आपली इमारत निम्म्याहून अधिक वापरात आली ती १९९३ च्या दिवाळीपर्यंत. म्हणून तिला तीस वर्षे पूर्ण झाली आहेत आणि तिची तपासणी कायद्याने आवश्यक आहे. तपासणीचा अहवाल बुधवार, ५ जून २०२४ पर्यंत दाखल करावयाचा आहे. हे काम संस्था करील. सभासदाने वा भाडेकरूने वेगळे काही दाखल करावयाचे नाही. अभियंता १८ व १९ मे रोजी प्रत्येक घर पाहील. बाहेरगावी असणाऱ्यांनी किल्ली कचेरीत द्यावी. तपासणीसाठी कोणास घर रिकामे करावयाचे नाही. तपासणीनंतर काय करावयाचे ते अहवालावर अवलंबून राहील आणि ते याच फलकावर कळविले जाईल. मूळ पत्र शेजारी लावले आहे. सूचना व पत्र यांत फरक आढळल्यास पत्र ग्राह्य धरावे.’

यातील शेवटच्या वाक्याविना अशी सूचना कोणीही लावू नये.

अठ्ठावीसपैकी सव्वीस घरे उघडी मिळाली; उरलेल्या दोन घरांसाठी अभियंत्यास पुढच्या शनिवारी पुन्हा यावे लागले. अहवाल ३१ मे रोजी हाती आला, वर्ग सी-२ब निघाला, आणि ३ जूनला तो विभाग कार्यालयात दाखल झाला. त्या दिवशी सूचनेखाली एक ओळ मी हाताने जोडली: घर सोडावयाचे नाही, दुरुस्ती अहवालाच्या तारखेपासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२४ पर्यंत, पूर्ण करावयाची आहे.