रोज सकाळी चौदा कप्पे

मार्चअखेरीला दोन दिवस आमच्या दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं. पाइप-फिटिंगचा घाऊक व्यापार, मागे गोदाम, मालाचे साधारण बाराशे प्रकार. विक्री बंद ठेवून सगळी मुलं मांडण्यांपुढे बसायची. एक मोजणार, एक लिहिणार. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर अर्धा इंची एल्बो आणि पाऊण इंची एल्बो डोळ्यांना सारखेच दिसायला लागायचे, आणि थकलेला माणूस खोकं न उघडताच त्यावरचा छापील आकडा सांगून मोकळा व्हायचा. शेवटी तफावतीची चार-पाच पानी यादी निघायची. एखाद्या मालात चाळीस नग कमी दिसले, तरी ते गेल्या मे महिन्यात गेले की फेब्रुवारीत, हे कुणालाच सांगता येत नसे, कारण मधे त्या मालाच्या शेकडो नोंदी झालेल्या असायच्या. मग 'साठा तफावत' अशी एक नोंद टाकून आम्ही एप्रिल सुरू करायचो.

मी तिथे साठ्याचा हिशेब पाहतो. तूट किती हे वार्षिक मोजणी सांगत होती. ती का झाली, हे मात्र कधीच सांगत नव्हती. म्हणून आम्ही रोज थोडं मोजायला लागलो.

रोज किती मोजायचं, याचं गणित सोपं आहे. वर्षभरात खपलेल्या मालाच्या रकमेप्रमाणे यादी उतरत्या क्रमाने लावली. वरचे १२० प्रकार, म्हणजे व्हॉल्व्ह, पितळी नळ, मोठे पाइप वगैरे, महिन्यातून एकदा मोजायचे. त्याखालचे २४० तीन महिन्यांतून एकदा आणि उरलेले ८४० वर्षातून दोनदा. सगळ्याची बेरीज वर्षाला ४,०८० मोजण्या होते. कामाचे तीनशे दिवस धरले, तर रोज चौदा कप्पे. दोन माणसं पाऊण-एक तासात ते सहज संपवतात, आणि दुकान बंद ठेवावं लागत नाही.

मोजणी सकाळी, पहिला टेम्पो भरायच्या आत होते. मोजणाऱ्याच्या हातातल्या यादीत मालाचं नाव आणि कप्प्याचा क्रमांक असतो. वहीतला आकडा नसतो. हे मुद्दाम आहे. १८६ हा आकडा समोर दिसत असला, की १८०च्या आसपास पोचलेलं मन उरलेले सहा आपोआप पाहू लागतं. त्याच कारणाने ज्या मुलाकडे ती मांडणी सोपवलेली असते, त्याला ती मोजायला देत नाही. स्क्रू-वॉशर आम्ही वजनावर मोजतो आणि दोन टक्क्यांपर्यंतचा फरक सोडून देतो. व्हॉल्व्हमध्ये एका नगाचाही फरक सोडत नाही.

आता एक तफावत शेवटपर्यंत पाहू. एक इंची बॉल व्हॉल्व्ह, वहीत १८६, कप्प्यात १६०. तूट २६ नगांची. पहिलं काम, दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घेणं. त्यालाही १६०च मिळाले. वरच्या फळीवर, परत आलेल्या मालाच्या टोपलीत, काउंटरखाली कुठे वेगळे नग ठेवलेत का, तेही पाहिलं. नव्हते.

मग कागद. हाच कप्पा अठरा दिवसांपूर्वी मोजला होता आणि तेव्हा आकडा तंतोतंत जुळला होता. म्हणजे चूक जी काही असेल, ती या अठरा दिवसांतच झालेली असणार, आणि एवढ्या काळात या मालाच्या नोंदी होत्या फक्त अकरा. अकरा नोंदी चहा थंड व्हायच्या आत तपासून होतात.

आदल्या संध्याकाळी सहा व्हॉल्व्ह कच्च्या चलनावर एका प्लंबरकडे गेले होते. बिल अजून व्हायचं होतं. सहा सुटले. खरेदीच्या एका नोंदीत पाच खोकी होती. कंपनीने खोक्यातले नग बारावरून दहा केले होते, पण आमच्या संगणकात जुनाच बाराचा हिशेब राहिला होता. पन्नास आले आणि साठ जमा झाले. बिलाची रक्कम बरोबर असल्याने कुणाला शंका आली नाही. एका नगाची खरेदी किंमत मात्र खऱ्यापेक्षा एक-षष्ठांश कमी दिसत होती. दहा सुटले. एका गिऱ्हाइकाने पाऊण इंचीचे आठ व्हॉल्व्ह परत करून एक इंचीचे आठ बदलून नेले होते. फरकाचे पैसे घेतले गेले, पण मालाची अदलाबदल कुणी नोंदवलीच नाही. पाऊण इंचीचा कप्पा लगेच मोजला, तर तिथे बरोबर आठ जादा निघाले.

चोवीस नगांचा पत्ता लागला. दोनांचा लागला नाही.

इथे एक घाई महागात पडते. तफावत दिसली रे दिसली, की वहीतला आकडा कप्प्याशी जुळवून टाकायचा मोह होतो. आम्ही त्या सकाळी १८६चे थेट १६० केले असते, तर दुपारी प्लंबरचं बिल झाल्यावर वहीत १५४ उरले असते आणि कप्प्यात १६०. पुढच्या मोजणीला सहा नग जादा दिसले असते आणि आम्ही ते पुन्हा जुळवले असते. पाऊण इंचीतले आठ तर वेगळंच कोडं होऊन बसले असते. म्हणून आधी चुकीची नोंद सापडली पाहिजे, ती तिथल्या तिथे दुरुस्त झाली पाहिजे, आणि काहीच न सापडलेला उरलेला फरक तेवढा मालकांच्या सहीने खर्ची पडला पाहिजे. त्या दोन नगांचं तसंच केलं. हरवलेल्या किंवा खर्ची टाकलेल्या मालावर घेतलेली जीएसटीची वजावट परत करावी लागते, तीही केली.

तूट आणि वाढ यांची वजाबाकी करून रकमेत समाधान मानणं हाही असाच एक सापळा. एक इंचीत आठ कमी आणि पाऊण इंचीत आठ जादा असले, तर रुपयांत फरक थोडाच दिसतो, पण दोन्ही कप्प्यांचे आकडे खोटे असतात. आम्ही रकमेऐवजी चौदांपैकी किती कप्पे जुळले, ते फळ्यावर लिहितो. सुरुवातीच्या आठवड्यांत नऊ-दहा जुळत. तेव्हा नवे कप्पे घेण्याआधी तेच तीस प्रकार पुन्हापुन्हा मोजले. त्यातून तीच ती कारणं वर आली: खोक्यातल्या नगांचे जुने आकडे, काउंटरवरची अदलाबदल, रात्रभर पडून राहिलेली कच्ची चलनं. अदलाबदलीसाठी आता वेगळं पुस्तक आहे, आणि शटर ओढण्यापूर्वी सगळी चलनं संगणकात चढतात.

या पद्धतीला न दिसणारी एक जागा आहे. यादी वहीतून निघते; त्यामुळे वहीत ज्याची नोंदच नाही, तो माल कधीच मोजला जात नाही. म्हणून आठवड्यातून एकदा उलट दिशेने जातो: एखादी मांडणी निवडायची आणि तिच्यावर जे दिसेल ते वहीत शोधायचं. अशाच एका फेरीत बंद झालेल्या मापाच्या कपलरची दोन पोती सापडली होती.

वार्षिक मोजणी सोडायची, तर लेखापरीक्षकाला आधी विचारावं लागतं. वर्षभरात प्रत्येक प्रकार निदान एकदा मोजला गेला, तफावती तपासल्या आणि हिशेबात घेतल्या, याचे तारीखवार कागद त्याला लागतात. कंपन्यांच्या बाबतीत २०२०च्या 'कारो' आदेशाप्रमाणे मोजणी वाजवी अंतराने झाली का आणि मालाच्या एखाद्या वर्गात १० टक्के किंवा जास्त तफावत निघाली का, हे लेखापरीक्षकाला अहवालात लिहावं लागतं. आमची पेढी भागीदारीची आहे, तिला तो आदेश लागू नाही, तरी आमच्या सीएंनी कागद तसेच मागितले. ३१ मार्चला ते स्वतः आले, मांडण्यांमधून फिरत आपल्या मनाने वीस कप्पे निवडले आणि मोजून घेतले. एकोणीस जुळले. विसाव्यात, अर्धा इंची टीमध्ये, एक नग जादा होता. शटर त्या दिवशी पूर्ण वर होतं आणि काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं.